पदवीची अट काढल्यावर अर्ज वाचायचा कसा? कोकणातल्या कारखानदारांचे आणि उमेदवारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या लहान कारखान्यांची भरती मी बघते. कॅनिंग, काजू, मासळी प्रक्रिया, अशा जागा. अलीकडे बरेच मालक जाहिरातीतून ‘पदवीधर हवा’ ही ओळ काढायला तयार होतात. ती काढल्यावर हातात आलेले अर्ज वाचायचे कसे, हे मात्र फार थोड्यांनी ठरवलेलं असतं. फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरण एकाच जागेचं घेतलं आहे, कॅनिंग लाईनच्या शिफ्ट सुपरवायझरचं, कारण ती भरती मी पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळून पाहिली.

पदवीची अट काढायची म्हणजे नक्की काय काढायचं?

पहिली चाळणी काढायची. एरवी होतं असं, की अर्ज आले की कुणीतरी आधी शिक्षणाचा रकाना बघतं. बी.एस्सी. नाही म्हटल्यावर तो अर्ज बाजूला जातो आणि त्याखाली लिहिलेला सात वर्षांचा अनुभव कुणी वाचतच नाही. नोकरीच्या पोर्टलवर तर शिक्षणाच्या खुणेवर एक टिचकी मारली, की असे अर्ज समोर यायचेच बंद होतात. अट काढणं म्हणजे हा क्रम मोडणं. आधी उमेदवाराने काय काम केलं आहे ते वाचायचं, शिक्षण नंतर.

याचा अर्थ पदवी फुकट गेली असा नाही. पदवीच्या प्रात्यक्षिकांत एखादी गोष्ट हाताने शिकली असेल तर ती कौशल्याचा पुरावा म्हणून मोजायचीच. फक्त ‘पदवी आहे’ एवढ्यावर गुण द्यायचे नाहीत.

पण पदवीवरून माणसाचा अंदाज येतो ना? इतकी वर्षं सगळे तेच करत आले.

थोडा येतो, पण आपण समजतो त्यापेक्षा खूप कमी. निवडीच्या कोणत्या पद्धतीचा पुढच्या कामाशी किती मेळ बसतो, याचा मोठा आढावा श्मिट आणि हंटर या दोघांनी १९९८ साली मांडला. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, असं माप धरलं तर शिक्षणाच्या वर्षांचा आकडा ०.१० आला. प्रत्यक्ष काम करून दाखवण्याच्या चाचणीचा आकडा ०.५४ होता. पुढे २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हीच आकडेमोड जास्त काटेकोरपणे केली, तेव्हा कामाच्या चाचणीचा आकडा ०.३३ पर्यंत खाली आला आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत ०.४२ वर सगळ्यात वर राहिली. म्हणजे कोणतीच पद्धत जादूची नाही. मात्र हातात काम देऊन बघणं आणि ठरवून मुलाखत घेणं हे शिक्षणाचा रकाना बघण्यापेक्षा पुष्कळ उजवं आहे, एवढं यातून दिसतं.

आमच्या उदाहरणाला अगदी चपखल बसेल असा आणखी एक आकडा आहे. अमेरिकेत हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या २०१७ च्या एका अहवालात प्रॉडक्शन सुपरवायझरच्या जाहिराती तपासल्या होत्या. ६७ टक्के जाहिरातींत पदवी मागितली होती. त्या वेळी हेच काम करत असलेल्या माणसांत पदवीधर होते फक्त १६ टक्के. अर्धशिक्षित म्हणून जाहिरात ज्यांना दारात उभं करत नव्हती, तीच माणसं आत कारखाना चालवत होती.

प्रत्येक जागेवरची अट काढता येते का?

नाही. जिथे कायदा पात्रता मागतो तिथे हात लावायचा नाही. अन्नसुरक्षा परवान्याच्या अटींमध्ये उत्पादनावर देखरेख करायला किमान एक तांत्रिक व्यक्ती ठेवावी लागते. तिच्याकडे रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा अन्न आणि सूक्ष्मजीवशास्त्र विषयांतली विज्ञानाची पदवी, नाहीतर फूड टेक्नॉलॉजीची पदवी किंवा पदविका, किंवा त्याला समकक्ष शिक्षण लागतं. बॉयलरवरच्या माणसाकडे बॉयलर अटेंडंटचं सक्षमता प्रमाणपत्र हवंच, मग तो कितीही जुना आणि हुशार असो. सरकारी नोकरीत सेवाप्रवेश नियम सांगतील ती पात्रता चालते, तिथे हा सगळा विषयच लागू होत नाही.

आम्ही ज्या कॅनिंग युनिटसाठी भरती केली तिथे ही तांत्रिक व्यक्ती आधीपासून कामावर होती. तिच्या हाताखाली दिवसपाळी आणि रात्रपाळी सांभाळायला दोन शिफ्ट सुपरवायझर हवे होते. म्हणून या दोन जागांवरची अट काढता आली. मालकाने परवान्याचा कागद समोर घेऊन अटी एकदा वाचल्या, मगच जाहिरात बदलली. तुम्हीही याच क्रमाने जा.

जाहिरातीतली ओळ काढली की झालं ना?

इथेच बहुतेकांची गाडी अडते. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी पदवीची अट काढल्याचा बराच गाजावाजा केला होता. त्यानंतर प्रत्यक्षात काय झालं ते हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये तपासलं. या बदलामुळे खरोखर ज्यांना दार उघडलं अशा नेमणुका ७०० मध्ये एकसुद्धा नव्हत्या. तपासलेल्या कंपन्यांपैकी सुमारे ४५ टक्के कंपन्यांनी जाहिरात बदलली, निवड होती तशीच ठेवली.

असं का होतं, ते आमच्या भरतीत पहिल्याच आठवड्यात समोर आलं. आदल्या वर्षी पदवीची अट असताना नऊ अर्ज आले होते. या वेळी एक्केचाळीस आले. त्यातले निम्म्याहून जास्त व्हॉट्सॲपवर आलेले, काही नुसते चार ओळींचे. मालकाने आणि प्रॉडक्शन मॅनेजरने वेगवेगळं बसून प्रत्येकी दहा अर्ज निवडले. दोघांच्या यादीत सारखे अर्ज निघाले फक्त तीन.

मग आम्ही दोन्ही याद्या शेजारी ठेवून बसलो. मालकाचे दहाही अर्ज टाइप केलेले होते, आठ इंग्रजीत होते आणि सहांमध्ये मुंबईतल्या एखाद्या कंपनीचं नाव होतं. मॅनेजरने ज्यांचा अनुभव वर्षांनी जास्त होता ते वर ठेवले होते. पदवीचा रकाना दोघांनीही पाहिला नव्हता, हे खरं. पण त्या मोकळ्या जागेवर एकाने इंग्रजी बसवली आणि दुसऱ्याने वर्षं. कशाला किती महत्त्व द्यायचं हे आधी लिहून ठेवलं नाही, तर वाचणारा स्वतःची चाळणी लावतोच. आणि ती लावल्याचं त्याला कळतही नाही, म्हणून ती पदवीपेक्षा जास्त नडते. पदवीची अट निदान जाहिरातीत छापलेली असते.

मग अर्ज वाचायच्या आधी काय ठरवायचं?

काम. कॅनिंगच्या हंगामात शिफ्ट सुपरवायझर दिवसभर काय करतो ते आम्ही जुन्या सुपरवायझरशेजारी बसून लिहून काढलं. यादी सोळा कामांची झाली. मग प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारला: हे पहिल्या आठवड्यात शिकवता येईल का? येत असेल तर ते निवडीतून काढून टाकलं.

डब्याची शिवण तपासणं याच कारणाने गेलं. ऐकायला ते अवघड वाटतं, कारण डबा फोडून, शिवणीचे हूक मायक्रोमीटरने मोजून, त्यांची पकड पुरेशी आहे का ते बघायचं असतं. पण आमच्याकडे ते तीन दिवसांत शिकवलं जातं. आधीची जाहिरात हाच अनुभव मागत होती आणि चांगली माणसं दारातूनच परत जात होती. स्टॉकची नोंद कॉम्प्युटरवर करणंही असंच वगळलं.

शेवटी तीन गोष्टी उरल्या. पहिली, मोजमाप आणि नोंद: पल्पचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, आणि पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, वेळेवर घेणं आणि रजिस्टरला खरा आकडा लिहिणं. दुसरी, वीस-पंचवीस माणसांची लाईन लावणं, कुणी आलं नाही तर टेबल बदलणं. तिसरी, काम थांबवण्याचा निर्णय घेणं. ही तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि कुठल्याही शिक्षणाच्या रकान्यात न सापडणारी. मे महिन्यात आवारात आंब्याच्या गाड्या उभ्या असताना ‘हा लॉट पुढे जाऊ देणार नाही’ असं म्हणायला माहिती लागते आणि छातीही लागते.

अर्जाला गुण द्यायचे कसे?

तीन गोष्टी, प्रत्येकीला शून्य ते तीन गुण. अर्जात उल्लेखच नसेल तर शून्य. नुसता दावा असेल, म्हणजे ‘क्वालिटीचं ज्ञान आहे’, ‘नेतृत्वगुण आहेत’, तर एक. प्रत्यक्ष केलेलं काम लिहिलं असेल, कशावर केलं, किती वेळा केलं, किती माणसं होती हे कळत असेल, तर दोन. त्यात अडचण आली तेव्हा काय केलं हेही असेल, किंवा जबाबदारी स्वतःची होती आणि ते कुणाला विचारून पडताळता येईल असं असेल, तर तीन.

दोघांनी वेगवेगळं बसून गुण द्यायचे आणि मग एकत्र बसायचं. दोघांत एक गुणाचा फरक चालतो. दोनचा फरक पडला तर अर्जातली नेमकी ओळ दाखवून बोलायचं. आणि तिन्ही गुणांची बेरीज करून क्रमांक लावायचा नाही. बेरजेत एखादं शून्य लपून जातं. मोजमापाला तीन आणि माणसं लावण्याला तीन, पण थांबवण्याच्या निर्णयाला शून्य, असा माणूस बेरजेत सहा घेऊन वर येतो आणि हंगामात नको तो लॉट पुढे सोडून देतो.

प्रत्यक्ष अर्जांवर हे करून दाखवाल?

एक्केचाळीसांतले तीन घेते. ओळख कळू नये म्हणून त्यांना अ, ब आणि क म्हणते.

‘अ’ बी.एस्सी. रसायनशास्त्र झालेला. दोन पानी इंग्रजी बायोडेटा. ब्रिक्स मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर आणि पीएच मीटर यांचं ज्ञान, एक महिन्याची इंटर्नशिप, ‘उत्तम नेतृत्वगुण’. मोजमापाला एक, कारण काय केलं ते लिहिलेलं नाही. माणसांना एक. थांबवण्याला शून्य. जुन्या पद्धतीत हा पहिल्या तिघांत आला असता.

‘ब’ दहावी झालेल्या बाई. अर्ज म्हणजे व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज: “सात सीझन कॅनिंगला होते. शेवटचे तीन सीझन टेबलवर अठरा बायका माझ्याकडे. जास्त पिकलेला आंबा आला की वेगळा काढून साहेबांना सांगायचे, एकदा अख्खी गाडी उतरवू दिली नाही. साहेब नसले की ब्रिक्स मीच बघायचे.” मोजमापाला दोन. माणसांना तीन. थांबवण्याला तीन. जुन्या पद्धतीत हा मेसेज उघडला गेला असता, पण वाचला गेला नसता.

‘क’ बारावी झालेला, पाच वर्षं मासळीच्या कारखान्यात फ्रीझिंगला. दर तासाला मालाच्या गाभ्याचं तापमान घेऊन नोंद करायचा, हाताखाली बारा माणसं, कॉम्प्रेसर बंद पडला तेव्हा माल दुसऱ्या खोलीत हलवल्याचं लिहिलं होतं. आंब्याशी कधी संबंध आला नव्हता. तरी मोजमापाला तीन, माणसांना दोन, थांबवण्याला दोन. वस्तू वेगळी असली तरी काम तेच होतं: ठरल्या वेळी आकडा घ्यायचा, खरा लिहायचा, बिघडला तर हालचाल करायची.

‘अ’वर अन्याय झाला नाही का? कदाचित त्याला येत असेल, फक्त लिहिता आलं नाही.

बरोबर आहे, आणि हा प्रश्न ‘अ’पेक्षा न शिकलेल्या उमेदवारांच्या बाबतीत जास्त पडतो. पदवीची चाळणी गेली की बायोडेटा लिहिण्याचं कसब हीच नवी चाळणी होऊन बसते. म्हणून ज्यांना एखाद्या गोष्टीत शून्य किंवा एक मिळाला आहे, पण बाकी अर्जात काहीतरी दिसतं आहे, त्यांना आम्ही व्हॉट्सॲपवर तेच तीन प्रश्न पाठवले. ‘तुम्ही स्वतः घेतलेलं एखादं मोजमाप सांगा. तुमच्याकडे जास्तीत जास्त किती माणसं होती आणि काय काम होतं? चालू काम थांबवायची वेळ कधी आली होती का?’ उत्तर लिहून द्या किंवा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, दोन्ही चालेल असं सांगितलं. बहुतेकांनी आवाजच पाठवला. लिहिताना दोन ओळींत अडकणारी माणसं बोलताना तीन मिनिटं नेमकं बोलतात, हे मला तेव्हा कळलं.

‘अ’ने उत्तर दिलं की इंटर्नशिपमध्ये रोज सकाळी पीएच मीटर ४ आणि ७ पीएचच्या बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणात, बुडवून जुळवून घेण्याचं काम त्याच्याकडे होतं, आणि एकदा जुना बफर वापरल्यामुळे आकडा चुकत असल्याचं त्यानेच दाखवून दिलं होतं. त्याचा मोजमापाचा गुण एकवरून तीनवर गेला. ही माहिती दोन पानी बायोडेटात कुठेही नव्हती.

लिहिलेलं किंवा बोललेलं खोटं असेल तर?

म्हणून हातात काम द्यायचं. आम्ही आठ जणांना बोलावलं, सहा आले. प्रत्येकाला चाळीस मिनिटं, सगळ्यांना तेच काम, आणि येण्या-जाण्याचा खर्च दिला. चाचणीतला माल विकायचा नाही आणि चाचणीच्या नावाखाली अर्धा दिवस राबवून घ्यायचं नाही, हे मी मालकांना निक्षून सांगते.

पहिला भाग: वाटीत गरम पल्प, शेजारी साधा हाताचा रिफ्रॅक्टोमीटर, पाणी, स्वच्छ कापड. ब्रिक्स घेऊन कागदावर लिहा. यात सापळा गरम पल्पचा आहे. गरम नमुन्याचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, नमुना साधारण २० अंशांपर्यंत थंड व्हावा लागतो. काचेवर पाण्याचा थेंब राहिला तरी आकडा घसरतो. ‘अ’ने आधी पाण्यावर शून्य जुळवलं, काच पुसली, आणि मग घाईत गरम पल्पच ठेवला. ‘ब’ बाईंनी शून्य बघितलंच नाही, पण पल्प नीट ढवळला, वाटी पाण्यात ठेवून थंड होऊ दिली आणि दोनदा आकडा घेतला. ‘क’ने हे उपकरण आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं होतं. त्याने सरळ विचारलं, “हे गरम चालतं का?” या प्रश्नाला आम्ही पूर्ण गुण दिले.

दुसरा भाग: शिफ्टच्या रजिस्टरचं एक पान, सहा बॅचच्या नोंदी. पाच बॅचचा पीएच चारच्या आसपास, एकीचा ४.७. कॅनिंगमध्ये ४.६ ही सीमा आहे. त्याच्या वर गेलं की बॉट्युलिझमचे जंतू वाढण्याचा धोका येतो आणि पल्पची नेहमीची प्रक्रिया पुरेशी राहत नाही. ‘अ’ला ४.६ पाठ होतं, त्याने चूक लगेच ओळखली. पण ‘भरून झालेल्या डब्यांचं काय करणार?’ यावर तो म्हणाला, “रिपोर्ट करीन,” आणि लाईन चालूच ठेवली. ‘ब’ बाईंना सीमा माहीत नव्हती. त्यांनी पानावर बोट ठेवून विचारलं, “बाकी सगळे चारचे, हाच कसा वेगळा? मी हे डबे बाजूला लावीन, खूण करीन, आणि विचारल्याशिवाय पुढचे भरायचे नाहीत.” सीमेचा आकडा पाच मिनिटांत सांगता येतो. डबे बाजूला लावण्याची सवय लागायला काही हंगाम जावे लागतात.

‘ब’ दिवसपाळीला आणि ‘क’ रात्रपाळीला घेतले. ‘अ’ला तांत्रिक अधिकाऱ्याच्या हाताखाली प्रयोगशाळेत जागा दिली, ती त्याच्यासाठी जास्त योग्य होती असं मला मनापासून वाटतं.

मग सगळं सुरळीत झालं?

नाही. दिवसपाळी छान चालली. रात्रपाळीत मात्र पहिले तीन आठवडे ओढाताण झाली. ‘क’चं मोजमाप चोख होतं, नोंदी स्वच्छ होत्या. पण रात्री दोनला टेम्पो आला, की ड्रायव्हरशी वजनावरून आणि दर्जावरून जी वादावादी होते ती त्याला झेपेना, आणि माल उतरवायला उशीर होऊ लागला. चूक त्याची नव्हती. कामांची यादी करताना आम्ही दिवसपाळीत बसलो होतो. रात्री कुणी बसलंच नव्हतं, म्हणून माल उतरवून घेणं आमच्या सोळा कामांत आलंच नाही. चाचणी त्या यादीतून निघाली, त्यामुळे तीही आंधळी राहिली. पुढच्या भरतीआधी मी स्वतः दोन रात्री गेटवर बसले.

तुमची चाचणी अपुरी आहे हे ओळखायची खूण अशीच असते: चाचणीत चांगला ठरलेला माणूस एखाद्या विशिष्ट जागीच अडखळतो, सगळीकडे नाही.

अनुभवाची वर्षं मागितली तर चालेल का? ‘किमान पाच वर्षं’?

नका मागू. वरच्याच २०२२ च्या आढाव्यात कामाच्या वर्षांचा आकडा ०.०७ आहे, म्हणजे शिक्षणाहून फारसा वेगळा नाही. एकच काम पाच हंगाम करणं आणि पाच हंगामांत पाच कामं शिकणं यात वर्षं सारखीच दिसतात. शिवाय आपल्याकडे कॅनिंगचा हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा, तिथे ‘पाच वर्षं’ म्हणजे काय धरायचं?

नाव, गाव, आडनाव झाकायचं का? इथे सगळे एकमेकांना ओळखतात.

सगळे ओळखतात म्हणूनच झाका. मोजण्याची चाळणी सैल झाली की वाचणाऱ्याचा अंदाज जास्त काम करतो, आणि अंदाज आडनावावर, वाडीवर, धर्मावर घसरतो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावाच्या अर्जांना बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावांपेक्षा स्पष्टपणे कमी निघाली. ते उमेदवार तर पदवीधर होते. पदवीही नसलेल्या माणसाच्या वाट्याला काय येत असेल, याचा विचार करा.

करायला सोपं आहे. ऑफिसमधल्या एकाने अर्जांना नंबर द्यायचे, नाव, पत्ता, फोटो आणि शिक्षण सोडून बाकी मजकूर एका कागदावर उतरवायचा. एक्केचाळीस अर्जांना आम्हाला एक दुपार लागली. गुण देऊन झाले की मग नावं उघडायची. आमच्याकडे नावं उघडल्यावर मालकांना कळलं की त्यांनी स्वतःच्या भाच्याला तीनपैकी दोन गोष्टींत शून्य दिलं होतं. त्यांनी गुण बदलले नाहीत, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आयटीआय, आरपीएल अशा सर्टिफिकेटचं काय करायचं?

पुरावा म्हणून वाचायचं, पास म्हणून नाही. आयटीआयच्या ट्रेडमध्ये प्रात्यक्षिक बरंच असतं, त्यामुळे त्यात हाताचं काम झालेलं असण्याची शक्यता चांगली. आरपीएल म्हणजे आधीपासून येत असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन दिलेलं प्रमाणपत्र. आपल्या भागात अनुभवाने शिकलेल्यांसाठी ते उपयोगी आहे, पण त्यात नेमकं काय तपासलं ते उमेदवाराला विचारा. ‘परीक्षेत तुमच्याकडून काय करून घेतलं?’ याचं उत्तर नेमकं आलं तर दोन गुण, नाहीतर एक.

पदवी नसलेल्याला पगार कमी देता येईल का?

त्याच जागेला, त्याच कामाला तोच पगार. काही मालक पदवीची अट काढण्याकडे स्वस्तात माणूस मिळवण्याची युक्ती म्हणून बघतात. मग हंगाम भरात आला की शेजारचा कारखाना चार हजार जास्त देऊन त्याच माणसाला नेतो आणि तुम्ही मे महिन्यात सुपरवायझर शोधत बसता.

मी उमेदवार आहे, पदवी नाही. बायोडेटात काय लिहू?

‘मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड’ ही ओळ आधी काढा. ती सगळ्यांच्या बायोडेटात असते आणि तिला कुणी गुण देऊ शकत नाही. त्याजागी तुम्ही केलेली तीन कामं लिहा. प्रत्येक कामात चार गोष्टी येऊ द्या: काय केलं, कशावर किंवा किती, किती वेळा, आणि काही बिघडलं तेव्हा काय केलं.

मी एका काजू कारखान्यातल्या मुलीचा बायोडेटा नीट करून दिला होता. आधी होतं: ‘काजू फॅक्टरीत ग्रेडिंगचा तीन वर्षांचा अनुभव.’ नंतर झालं: ‘रोज साधारण चाळीस किलो काजूगराचं ग्रेडिंग. अख्खा, तुकडा आणि डागी वेगळे करते. पावसाळ्यात गर ओलसर लागला तेव्हा पॅकिंग थांबवून ट्रे परत ड्रायरला पाठवायला सांगितलं. मुकादम मावशींना विचारू शकता.’ अनुभव तोच, काम तेच. पण पहिल्या ओळीला एक गुण मिळतो, दुसऱ्या मजकुराला तीन.

घरचं, बचत गटाचं किंवा बागेतलं काम लिहायला लाजू नका. बचत गटाचा हिशेब चार वर्षं ठेवला असेल तर ती नोंद ठेवण्याचीच जबाबदारी आहे. कलमांच्या बागेत काढणीच्या वेळी पंधरा माणसं लावली असतील तर ते माणसं लावण्याचंच काम आहे. मराठीत लिहा, जाहिरात मराठीत असेल तर नक्कीच. आणि शिक्षण लपवू नका, ते शेवटी एका ओळीत लिहा.

जाहिरात कशी लिहायची?

काम सांगा, चाचणी होणार ते सांगा, पगार सांगा, अर्जात काय हवं ते सांगा. रात्रीचं काम यादीत घातल्यावर पुढच्या भरतीसाठी आमची जाहिरात अशी झाली, हवी तर जागा बदलून घ्या:

‘कॅनिंग लाईनसाठी शिफ्ट सुपरवायझर पाहिजे. काम: ब्रिक्स आणि पीएच वेळेवर घेऊन नोंद करणे, वीस ते पंचवीस माणसांची लाईन लावणे, रात्री येणारा माल तपासून उतरवून घेणे, माल खराब वाटल्यास काम थांबवणे. शिक्षणाची अट नाही. डब्याची शिवण तपासणे आणि कॉम्प्युटरवर नोंद करणे आम्ही शिकवू. अर्जात तुम्ही स्वतः केलेली तीन कामं लिहा किंवा आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवा. निवडलेल्यांची चाळीस मिनिटांची प्रत्यक्ष चाचणी होईल, येण्या-जाण्याचा खर्च मिळेल. पगार जाहिरातीखाली दिला आहे, तो सर्वांना सारखा.’